प्रकल्प नोंदी: धावणाऱ्यांच्या पोटऱ्या, नितंब आणि खुब्यांसाठी चार व्यायाम

4 जानेवारी: चौकट

आठवड्याला 20 ते 40 किलोमीटर धावणारे, सध्या कुठेही दुखत नसलेले लोक डोळ्यांसमोर ठेवून हा व्यायामक्रम बसवायचा आहे. साहित्य म्हणजे एक भिंत, जिन्याची एक पायरी आणि अंगाखाली घ्यायला सतरंजी. आठवड्यातून दोनदा, एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांत आटपलं पाहिजे. त्याहून लांबला तर तिसऱ्या आठवड्यानंतर तो कोणी करत नाही, हे गृहीत धरलं आहे.

आधी एक साधा हिशेब मांडून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. 6 मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने 10 किलोमीटरला एक तास लागतो. मिनिटाला 170 पावलं धरली तर तासात 10,200 पावलं, म्हणजे एका पायाच्या वाट्याला 5,100. धावताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात. प्रत्येक पाऊल पडताना शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट बल एकट्या पायावर येतं. टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर येणारा ताण त्याहून बराच जास्त, शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट असावा असे अंदाज आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, व्यायाम एका पायावरचे हवेत. दोन पायांवर केलं की धडधाकट पाय कमजोर पायाचं काम उचलतो आणि ते बाहेरून दिसतही नाही. दुसरी, पोटरीसाठी नुसत्या वजनाने टाच उचलणं हे धावण्याच्या मानाने हलकंच काम आहे. ते उपयोगी पडायचं असेल तर सावकाश आणि स्नायू खरोखर थकेपर्यंत करावं लागेल, आणि पुढे वजन वाढवावं लागेल.

7 जानेवारी: काय माहीत आहे, काय नाही

धावणाऱ्यांच्या दुखापती व्यायामाने कमी होतात का, या प्रश्नाला सरळ ‘हो’ असं उत्तर नाही. न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या नवख्या धावपटूंना 12 आठवड्यांचा व्यायाम घरी, आपला आपण करायला दिला होता. 2020 साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांतल्या दुखापतींत फरक दिसला नाही. फिनलंडमधल्या नवख्या धावपटूंवरचा 24 आठवड्यांचा अभ्यास 2024 मध्ये आला. त्यात खुबा आणि धडाचे व्यायाम करणाऱ्या गटात अतिवापराच्या दुखापतींचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी दिसलं. त्याच अभ्यासातल्या घोटा आणि तळव्याचे व्यायाम करणाऱ्या गटाला मात्र तसा फायदा झाला नाही.

मग पोटरी का ठेवायची? पोटरी आणि अकिलीसच्या तक्रारी धावणाऱ्यांत नेहमीच्या आहेत, वय चाळिशीपुढे गेलं की आणखीच. आणि त्या सुरू झाल्यावर उपचार म्हणून हेच टाच उचलणं करावं लागतं. म्हणून ठेवतो आहोत, पण ‘हे केलं की दुखापत होणार नाही’ असं कोणालाही सांगायचं नाही. दुखापतीत सगळ्यात मोठा वाटा अंतर आणि वेग एकदम वाढवण्याचा असतो, तो या चार व्यायामांनी भरून निघत नाही.

11 जानेवारी: पोटरीची चाचणी

सुरुवात मोजणीने. पोटरीची चाचणी घरी बिनचूक करता येते आणि डावा-उजवा फरक आकड्यात समोर येतो.

अनवाणी, भिंतीच्या बाजूला, जो पाय तपासायचा तो भिंतीकडे ठेवून उभं राहायचं. तोलासाठी फक्त दोन बोटं भिंतीला. दुसरा पाय मागे दुमडून उचललेला. गुडघा ताठ ठेवून टाच शक्य तितकी वर न्यायची. या पहिल्या उचलीला टाचेचा खालचा काठ जिथवर पोहोचतो तिथे शेजारच्या भिंतीवर चिकटपट्टी लावायची. मग मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर: एका ठोक्याला वर, दुसऱ्याला खाली. सोबतच्या माणसाने जमिनीलगत बसून टाच बघायची, किंवा मोबाइल जमिनीवर ठेवून चित्रण करायचं.

थांबायचं कधी हे महत्त्वाचं. टाच सलग दोनदा पट्टीपर्यंत पोहोचली नाही, गुडघा वाकायला लागला, किंवा बोटांऐवजी तळहात भिंतीवर टेकला की मोजणी संपली. ‘अजून होतंय’ म्हणून पुढे केलेल्या अर्ध्या उचली धरायच्या नाहीत. पट्टी नसेल तर जवळजवळ प्रत्येकाचा आकडा फुगतो, कारण थकल्यावर उंची आधी जाते आणि संख्या नंतर.

तरुण, सक्रिय माणसाला साधारण 25 जमायला हव्यात. वय वाढतं तसा आकडा उतरतो. आम्हाला मात्र दोन पायांतला फरक जास्त बोलका वाटतो. चार-पाचपेक्षा जास्त तफावत असेल तर कमी आकड्याच्या पायाला एक जादा सेट द्यायचा, हा नियम ठरवला.

14 जानेवारी: पोटरीचे दोन व्यायाम, आणि ते दोन का

पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा, बाहेरून दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्या खाली दडलेला, रुंद सोलियस गुडघ्याच्या खालून सुरू होतो. दोघेही अकिलीसमधून टाचेला जोडलेले. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि कामाचा जास्त भार सोलियसवर जातो. धावताना पाय जमिनीवर असतो तेव्हा गुडघा थोडा वाकलेलाच असतो आणि सोलियस सतत राबत असतो. म्हणून ताठ गुडघ्याने एक आणि वाकलेल्या गुडघ्याने एक, असे दोन्ही व्यायाम हवेत.

ताठ गुडघा. आधी सपाट जमिनीवर. 2 सेकंद वर, 1 सेकंद थांबा, 3 सेकंद खाली. खाली येताना टाच ‘पडू’ द्यायची नाही, शेवटच्या सेंटीमीटरपर्यंत ती आपणच टेकवायची. झटके देत केलं की टेंडनची लवचीकता काम करते आणि स्नायू सुटतो. सावकाश केलेल्या बारा उचली भराभर केलेल्या तिसांपेक्षा जड असतात.

इथे पायाकडे अगदी जवळून बघायला हवं. वर जाताना वजन अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मुळाशी राहिलं पाहिजे. थकवा आला की घोटा बाहेर कलतो, चवड्याची अंगठ्याकडची बाजू हलकी होते आणि वजन करंगळीकडे सरकतं. मागून बघितलं तर टाच आत वळलेली दिसते. असं झालं की पोटरी सोडून नडगीच्या बाजूचे स्नायू भार घेतात, आणि घोटा मुरगळतो त्याच दिशेने तो वारंवार ढकलला जातो. उपाय सोपा आहे: अंगठ्याच्या मुळाखाली कागदाची घडी ठेवायची आणि ती दुसऱ्याने ओढली तरी निघता कामा नये. निघाली की सेट संपला.

वाकलेला गुडघा. पाठ भिंतीला टेकवून, खुर्चीत बसल्यासारखं पण थोडं वरच, गुडघे साधारण 45 ते 60 अंशांत. याच अवस्थेत टाचा उचलायच्या. पहिल्या आठवड्यांत दोन्ही पायांनी, मग वजन एका पायाकडे झुकवून, शेवटी एकाच पायाने. भिंत घेण्याचं कारण असं की उभ्याने गुडघा वाकवून केलं की थकल्यावर गुडघा नकळत सरळ होत जातो आणि व्यायाम पुन्हा पहिलाच होऊन बसतो. भिंतीला पाठ लावली की ही चोरी पकडता येते: पाठ वर सरकायला लागली म्हणजे गुडघा सुटतोय. मांडीचा पुढचा भाग आधी पेटत असेल तर थोडं वर सरका, नाहीतर पोटरी थकायच्या आत मांडीच हार मानते.

ज्यांना एका पायावर आठसुद्धा नीट जमत नाहीत त्यांनी दोन्ही पायांनी वर जायचं आणि एका पायाने खाली यायचं. उतरताना स्नायू जास्त भार पेलू शकतो, म्हणून ही पायरी मधली म्हणून चालते.

18 जानेवारी: नितंबासाठी एका पायाचा ब्रिज

पाठीवर झोपून एक पाऊल जमिनीवर. दुसरा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, नुसता हवेत ठेवायचा नाही. मग जमिनीवरच्या टाचेने दाब देऊन कंबर उचलायची, वर 1 सेकंद थांबून 3 सेकंदांत खाली. गुडघा छातीशी धरल्यामुळे कंबर मागे कमान करू शकत नाही आणि उचलण्याचं काम नितंबाच्या मोठ्या स्नायूला, ग्लुटिअस मॅक्सिमसला, करावंच लागतं. उंची कमी दिसेल, ती तशीच असू द्यावी. खांदा, खुबा आणि गुडघा एका रेषेत येण्याच्या अलीकडेच थांबणं ठीक आहे.

दोन तक्रारी हमखास येतात. मांडीच्या मागच्या बाजूला गोळा आला तर पाऊल फार लांब आहे. ते नितंबाकडे इतकं घ्या की वर पोहोचल्यावर नडगी साधारण उभी राहील. कंबरेत जाणवत असेल तर उचलण्याआधी बेंबी आत घेऊन कंबर सतरंजीला दाबायची आणि तो दाब सोडत सोडत वर जायचं. दोन्ही करूनही मांडीच थकत असेल तर काही दिवस दोन पायांचा ब्रिज, वर 5 सेकंद थांबून.

21 जानेवारी: खुब्याच्या बाजूसाठी पायरीवरची कंबर-उचल

एका पायावर उभं असताना कंबरेचं हाड दुसऱ्या बाजूला ढळू न देणं हे खुब्याच्या बाहेरच्या स्नायूचं, ग्लुटिअस मीडियसचं, काम. कुशीवर झोपून गुडघा उघडायचा तो प्रसिद्ध व्यायाम आम्ही घेतला नाही. त्यात भार इतका कमी आहे की धावणारा माणूस चाळीस करून गप्पा मारत उठतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा दुखत असताना त्याला जागा आहे, इथे नाही.

त्याऐवजी पायरीच्या कडेला बाजूने उभं राहायचं. एक पाय पायरीवर, गुडघा ताठ पण मागे ताणलेला नाही, दुसरा पाय कडेबाहेर लोंबता. एक हात भिंतीला. लोंबत्या बाजूची कंबर 3 ते 5 सेंटीमीटर सावकाश खाली सोडायची आणि उभ्या पायाच्या खुब्याच्या जोराने पुन्हा वर, पातळीच्या किंचित पलीकडे न्यायची. पाऊल वरखाली होतं ते कंबरेमुळे, गुडघ्यामुळे नाही.

चूक ओळखायची खूण जाणिवेत आहे. उभ्या पायाच्या बाजूला, पँटच्या मागच्या खिशाच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्याखाली जळजळ व्हायला हवी. लोंबत्या बाजूला बरगड्यांखाली, कमरेच्या वळणात ताण वाटत असेल तर धडाची बाजू कंबर वर ओढते आहे. मोकळ्या हाताचा अंगठा लोंबत्या बाजूच्या कंबरेच्या हाडावर ठेवून खांदे स्थिर ठेवले की बहुतेकांना फरक लगेच कळतो.

24 जानेवारी: वेळेचा हिशेब

एक उचल 6 सेकंदांची. 12 उचली म्हणजे 72 सेकंद, दोन्ही पाय मिळून 144. चार व्यायाम, दोन सेट: 144 गुणिले 8, म्हणजे 1,152 सेकंद, 19 मिनिटांच्या आसपास. एक पाय काम करत असताना दुसरा विश्रांती घेतो, म्हणून मध्ये वेगळं थांबावं लागत नाही. तिसरा सेट सगळ्यांना दिला असता तर अर्धा तास झाला असता. तो फक्त तफावत असलेल्या पायाला, फक्त ताठ गुडघ्याच्या व्यायामात.

भार वाढवण्याचा नियम: शेवटच्या सेटमध्ये ठरलेल्या संख्येपेक्षा दोन जास्त, नीट पद्धतीने, लागोपाठ दोन सत्रांत जमल्या की पुढची पायरी. पायऱ्यांचा क्रम असा: सपाट जमीन, मग जिन्याच्या कडेवर टाच खाली उतरवून, मग पाठीला वजन भरलेली पिशवी. पिशवीत आधी 5 किलो, संख्या पुन्हा 8 वर आणून.

28 जानेवारी: आठवड्यात कुठे बसवायचं

यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. ‘धावायचं नाही त्या दिवशी व्यायाम’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मग आठवड्यात पोटरीला विश्रांतीचा एकही दिवस उरत नाही. त्यामुळे जड दिवस जडच ठेवायचे असं ठरलं. मंगळवारी वेगाचा सराव असेल तर व्यायाम त्याच दिवशी, धावल्यावर किमान काही तासांनी, संध्याकाळी. दुसरं सत्र शुक्रवारी, रविवारच्या लांब धावेआधी मध्ये एक दिवस सोडून.

धावण्याच्या लगेच आधी हे करायचं नाही. थकलेल्या पोटरीने पाऊल टाकलं की धक्का पेलायचं तिचं काम नडगी आणि टेंडनकडे ढकललं जातं. पहिले दोन आठवडे अंग दुखेल, साधारणपणे दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. त्या काळात धावण्यात नवं काही सुरू करायचं नाही, ना चढ, ना वेग, ना नवे बूट.

8 फेब्रुवारी: प्रत्यक्ष उदाहरण, धावपटू (वय 41)

आठवड्याला 30 किलोमीटर. सातव्या-आठव्या किलोमीटरनंतर डावी पोटरी आवळल्यासारखी होते, दुसऱ्या दिवशी मोकळी. चाचणीत उजवा 24, डावा 15. डाव्याची संख्या पंधरावर थांबली, पण टाच दहाव्या उचलीपासूनच पट्टीला जेमतेम लागत होती आणि अकरावीपासून वजन करंगळीकडे गेलं होतं.

त्यांना आधी सुचलेला उपाय ताण देण्याचा होता: पायरीवरून टाच सोडून रोज पोटरी ताणणं. आवळणारा स्नायू आखूडच असतो असं नाही, तो दमलेलाही असू शकतो. भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघितलं, तर अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर दोन्ही पायांना सारखंच भरलं. म्हणजे घोटा पुरेसा वाकतो आहे, उणीव ताकदीची आहे. ताणणं थांबवलं नाही, पण त्यावर भिस्तही ठेवली नाही.

आखणी: प्रत्येक सत्राची सुरुवात डाव्या पायाने. उजवा डाव्याइतकंच करेल, जास्त नाही. पहिले तीन आठवडे सपाट जमिनीवर डावा 3 सेट 8 उचली, उजवा 2 सेट 8. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात 12 उचली. मग पायरीवर 10. धावणं 30 किलोमीटरवरच रोखलं, आणि सोमवारी होणारा चढाचा सराव मंगळवारी हलवला, म्हणजे वेग, चढ आणि व्यायाम यांच्यानंतर पायांना पूर्ण दिवस मिळेल.

15 फेब्रुवारी: दुखणं मोजायचा नियम

स्नायूत पसरलेलं, बोटाने दाखवता न येणारं दुखणं चालेल. टेंडनमध्ये व्यायाम करताना 10 पैकी 3 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली पावलं नेहमीपेक्षा जास्त आखडलेली नसावीत. सकाळची ही पावलं आदल्या दिवशीच्या भाराबद्दल खरं सांगतात. व्यायामाच्या वेळी टेंडन गरम होऊन दुखणं दबतं, म्हणून तेव्हाच्या जाणिवेवर विसंबायचं नाही. सकाळ वाईट असेल तर पुढच्या सत्रात एक पायरी मागे.

नियमाबाहेरच्या गोष्टी: हाडावर बोटाएवढ्या जागेत दुखणं, रात्री दुखणं, एका पायावर उडी मारल्यावर नेमक्या त्याच जागी कळ येणं. ही हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची लक्षणं असू शकतात. धावणं आणि व्यायाम दोन्ही थांबवून डॉक्टरांकडे जायचं. पोटरीवर मागून कोणी मारल्यासारखं वाटून चवड्यावर उभंच राहता न येणं, किंवा काही न करता पोटरी सुजून गरम लागणं, यात दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

22 फेब्रुवारी: पायरीच्या व्यायामाला दोन अपवाद

पायरीवर गेल्यावर दोघांना त्रास झाला, एकाला टाचेच्या हाडाला टेंडन चिकटतं तिथे आणि एकाला खुब्याच्या बाहेरच्या हाडावर. जागा वेगळ्या, कारण एकच. टाच पातळीखाली गेली की टेंडनचा शेवटचा भाग टाचेच्या हाडावर दाबला जातो. लोंबती कंबर खाली सोडली की खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर नितंबाच्या स्नायूंची टेंडनं तशीच दाबली जातात. ताण टेंडन सोसतं, ताणाबरोबर हा दाब आला की कुरकुर करतं.

दोघांचाही व्यायाम बंद केलेला नाही, फक्त तळाचा भाग कापला. पहिल्याने सपाट जमिनीवरच राहून पिशवीचं वजन घ्यायचं. दुसऱ्याने कंबर पातळीपर्यंतच खाली आणायची, पातळीखाली नाही, आणि वर जाऊन 5 सेकंद थांबायचं. शिवाय उभं असताना एका पायावर वजन टाकून खुबा बाहेर काढायची आणि बसताना पायावर पाय टाकायची सवय काही आठवडे सोडायची, कारण त्यातही तोच दाब तासन्‌तास चालू राहतो. अकिलीसच्या मधल्या भागात, टाचेपासून दोन ते सहा सेंटीमीटर वर दुखत असेल तर मात्र पायरीखाली जाणं सहसा चालतं. म्हणून बोट ठेवून जागा विचारल्याशिवाय कोणालाही पायरी द्यायची नाही.

8 मार्च: पायरी उतरून तपासणी

महिन्यातून एकदा, व्यायाम म्हणून नव्हे, बघण्यासाठी. साधारण 20 सेंटीमीटरच्या पायरीवरून एका पायावर सावकाश उतरत दुसऱ्या टाचेने जमिनीला स्पर्श करायचा आणि पुन्हा वर. समोरून चित्रण, दोन्ही पाय, प्रत्येकी पाच. तीन गोष्टी बघायच्या: गुडघा अंगठ्याच्या आत जातो का, लोंबत्या बाजूची कंबर ढळते का, धड उभ्या पायाकडे कलतं का. तिसरं बऱ्याचदा दुसऱ्याला झाकतं. खुबा कमजोर असला की माणूस धडच त्या बाजूला नेतो, मग कंबर सरळ दिसते आणि सगळं ठीक वाटतं. त्यामुळे कंबरेआधी खांदे बघावेत.

गुडघा आत जाण्याचं कारण दर वेळी खुब्यातच असेल असं नाही. घोटा पुरेसा वाकत नसेल तरी पाऊल आत कोसळतं आणि गुडघा त्याच्यामागे जातो. टाचेखाली दोन सेंटीमीटरची पुस्तकं ठेवून पुन्हा उतरायला सांगा. गुडघा सरळ राहिला तर दोष घोट्याचा.

3 मे: फेरचाचणी, 41 वर्षांचे धावपटू

12 आठवड्यांनंतर उजवा 25, डावा 21, आणि डाव्याची टाच अठराव्या उचलीपर्यंत पट्टीला नीट लागते. तफावत 9 वरून 4 वर. शेवटचे तीन आठवडे डावा पाय 5 किलोच्या पिशवीसह 3 सेट 8 करतो आहे. पोटरी आता दहाव्या किलोमीटरपर्यंत आवळत नाही. याचं श्रेय एकट्या व्यायामाला देता येणार नाही, चढाचा सरावही त्याच वेळी हलवला होता.

पायरीच्या तपासणीत फरक पडलेला नाही: डाव्या पायावर उतरताना धड अजून कलतं. ताकद आली म्हणून चाल आपोआप बदलते असं नाही, हे इतरांच्या चित्रणातही दिसतं. यापुढे कंबर-उचलीचा दुसरा सेट आरशासमोर, खांदे आडव्या रेषेत ठेवून. जादा तिसरा सेट बंद, कारण तफावत चारवर आली आहे.

10 मे: शर्यतीआधीचे आठवडे

हे धावपटू सहा आठवड्यांनी अर्धमॅरेथॉन धावणार आहेत, म्हणून उलट मोजून आखणी केली. चार आठवडे क्रम आहे तसाच. शर्यतीच्या दहा दिवस आधी शेवटचं पिशवीचं सत्र. त्यानंतर एकच सत्र, शर्यतीच्या पाच दिवस आधी: पिशवी नाही, पायरी नाही, सपाट जमिनीवर प्रत्येकी एक सेट, संख्या निम्मी. शर्यतीनंतर पोटरीचे व्यायाम तेव्हाच सुरू करायचे जेव्हा जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. परत सुरू करताना पिशवीपासून नाही, पायरीवरच्या 8 उचलींपासून.